इमारत विकून त्याच इमारतीत भाड्याने : नफा किती आणि कधीचा?

प्रश्न : म्हापशात आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा वीजसामानाचा घाऊक धंदा आहे. स्वतःची तीन मजली इमारत आहे, पुस्तकात 72 लाखांची. ती 2 कोटी 40 लाखांना विकून त्याच दिवशी दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत घ्यायचं ठरलंय. भाडं पहिली पाच वर्षं महिना 1,35,000 आणि पुढची पाच 1,65,000. मूल्यांकनकार म्हणतात की बाजारभाव दोन कोटी आणि अशा जागेचं भाडं लाखभर. पण समोरचा जास्त देतोय, मग आमचं काय जातं? 1 कोटी 68 लाखांचा नफा यंदाच दाखवला की बँकेकडे मर्यादा वाढवून मागता येईल. भाडं जसं देऊ तसं खर्ची टाकू. दहा वर्षांनी इमारत आम्हालाच परत द्यायची, असं तोंडी बोलणंही झालंय. ऑडिटर मात्र सही करायला कुरकुरतात. त्यांचं कुठे चुकतंय?
— एक संचालक, बार्देश

उत्तर : ऑडिटरचं चुकत नाहीये. त्यांनी कारण नीट उलगडून सांगितलं नसेल एवढंच, म्हणून आधी तेच करू.

तुम्ही विक्री आणि भाडं हे दोन वेगळे व्यवहार धरताय. पण करार एकाच माणसाशी, एकाच दिवशी, एकाच जागेचा आहे. बाजारात लाखाला मिळणारी जागा तुम्ही सरासरी दीड लाखाला घेताय, ती का? कारण समोरच्याने किमतीत 40 लाख जास्त मोजलेत आणि ते भाड्यातून वसूल करायचे आहेत. पहिली पाच वर्षं महिना 35,000 जादा आणि पुढची पाच 65,000 जादा, म्हणजे दहा वर्षांत एकूण 60 लाख. बाजारभाडं दहा वर्षं लाखभरच धरलं, तर हे 40 लाख तुम्ही साधारण साडेसात टक्के व्याजाने घेतल्यासारखे होतात. दर वाईट नाही, व्यवहारही वाईट नाही. पण उसने घेतलेले पैसे यंदाच्या नफ्यात धरता येत नाहीत. तुमचं काय जातं, याचं उत्तर हेच: ते 40 लाख आज येतात आणि व्याजासकट दर महिन्याला परत जातात.

आता नियम. तुमच्या कंपनीला इंड एएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांची हिशेब-मानकं, लागू नाहीत असं धरतो. कंपनी सूचीबद्ध नसेल, निव्वळ मत्ता 250 कोटींच्या खाली असेल आणि ती इंड एएस लागू असलेल्या एखाद्या मोठ्या समूहातली नसेल, तर भाडेपट्ट्यांचं हिशेब-मानक एएस 19 पाहायचं. त्यात पहिला प्रश्न असा की परत घेतलेला भाडेपट्टा वित्तीय आहे की कार्यकारी, म्हणजे फायनान्स लीज की ऑपरेटिंग लीज. मालकीचे धोके आणि फायदे जवळपास सगळे तुमच्याकडेच राहत असतील तर वित्तीय, नाहीतर कार्यकारी. एएस 19 यासाठी ठोक टक्केवारी देत नाही, एकूण चित्र पाहायला सांगतं. तुमच्या दहा वर्षांच्या भाड्याचं आजचं मूल्य 10 टक्के दराने सुमारे 1 कोटी 11 लाख येतं, दोन कोटींच्या निम्म्याहून थोडं जास्त. इमारतीचं आयुष्य दहा वर्षांपेक्षा कितीतरी मोठं आहे. दहा वर्षांनंतर जागेचा भाव चढला किंवा पडला, तर तो मालकाचा. त्यामुळे कागदावर जे आहे त्यावरून हा कार्यकारी भाडेपट्टा आहे.

मी मुद्दाम ‘कागदावर जे आहे’ म्हटलं, कारण तुमचं तोंडी बोलणं हे सगळं उलटवू शकतं. तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड ओळ तीच आहे. इमारत ठरलेल्या किमतीला परत घ्यायचं बंधन तुमच्यावर असेल, तर व्यवहाराचं सार इमारत तारण ठेवून कर्ज काढण्याचं होतं. मग इमारत पुस्तकातून निघत नाही, घसारा चालू राहतो, आलेली रक्कम कर्ज म्हणून दिसते आणि नफा शून्य. परत घ्यायची फक्त मुभा असेल, पण किंमत इतकी कमी असेल की ती तुम्ही वापरणार हे उघड आहे, तर भाडेपट्टा वित्तीय ठरतो. मग विक्रीचा सगळा जादा पैसा, तुमच्या बाबतीत पुरे 1 कोटी 68 लाख, पुढे ढकलून घसाऱ्याच्या प्रमाणात वर्षावर्षाला नफ्यात आणावा लागतो. आणि दहा वर्षांनी त्या वेळच्या बाजारभावाने घ्यायची मुभा असेल, तर कार्यकारी भाडेपट्ट्याला त्याने धक्का लागत नाही. म्हणजे एकाच बोलण्याचे तीन अर्थ आणि नफ्याचे तीन आकडे. तेव्हा नेमकं काय ठरलंय ते आधी खरेदीदाराबरोबर स्पष्ट करा आणि करारात लिहा. ‘तोंडी आहे, ऑडिटरला कशाला सांगायचं’ या वाटेला जाऊ नका. ऑडिटर व्यवस्थापनाकडून लेखी निवेदन घेतात आणि त्याखाली तुमची सही असते.

पुढचं सगळं बाजारभावाची मुभा आहे किंवा काहीच ठरलेलं नाही, असं धरून सांगतो.

कार्यकारी भाडेपट्ट्यात पुस्तकी किमतीपासून बाजारभावापर्यंतचा फरक लगेच नफ्यात घ्यायचा. बाजारभावाच्या वर जे मिळालं ते पुढे ढकलायचं आणि इमारत जितका काळ वापरणार त्यावर पसरायचं. तुमच्या आकड्यांत 2 कोटी वजा 72 लाख म्हणजे 1 कोटी 28 लाख यंदाचे. उरलेले 40 लाख दहा वर्षांवर, वर्षाला 4 लाख, महिन्याला 33,333 रुपये. मूळ खरेदी 1 कोटी 20 लाख आणि साठलेला घसारा 48 लाख असेल, तर विक्रीच्या दिवशीची नोंद अशी पडेल:

बँक खाते — नावे 2,37,60,000
टीडीएस येणे — नावे 2,40,000
इमारतीचा साठलेला घसारा — नावे 48,00,000
इमारत खाते — जमा 1,20,00,000
इमारत विक्रीवरील नफा — जमा 1,28,00,000
पुढे ढकललेला नफा — जमा 40,00,000

दोन्ही बाजू 2 कोटी 88 लाखांना जुळतात. टीडीएस तो एक टक्का आहे जो स्थावर मालमत्तेच्या खरेदीदाराने कापायचा असतो. नोंद टाकण्याआधी विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा लावून घ्या. विक्री ऑक्टोबरात आणि घसारा मार्चअखेरपर्यंतचा, अशी चूक झाली की पुस्तकी किंमत आणि नफा दोन्ही चुकतात. लिफ्ट, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर हेही विक्रीत जाताहेत का, तेही विक्रीखतात पाहा. ती यंत्रं मालमत्ता रजिस्टरात वेगळ्या ओळींवर असतात. इमारत विकली पण लिफ्टवरचा घसारा पुढे चार वर्षं चालूच, असं रजिस्टर सहज सापडतं.

बँकेचं म्हणाल, तर 1 कोटी 28 लाखही तिच्या डोळ्यांत फार काळ टिकणार नाहीत. इतकी मोठी एकवेळची रक्कम नफा-तोट्यात वेगळी दाखवावीच लागते आणि मर्यादा ठरवताना कर्ज अधिकारी ती बाजूला काढून धंद्याचा नफा पाहतो. त्याला भाड्याची नवी ओळ दिसेल आणि तारणात इमारत दिसणार नाही. इमारतीवर बँकेचा बोजा असेल तर त्यांच्या ना हरकत पत्राशिवाय विक्रीच पुढे सरकणार नाही, तेव्हा बँकेशी बोलणं नंतर नाही, आधी करा.

आता भाडं. जसं देऊ तसं खर्ची, हे कार्यकारी भाडेपट्ट्याला चालत नाही. ठरलेल्या मुदतीतलं एकूण भाडं सारख्या हप्त्यांत खर्ची पडायला हवं, पैसे कोणत्या महिन्यात किती जातात त्यावर खर्च ठरत नाही. मागच्या पाच वर्षांत तेच तीन मजले वापरून तुम्हाला जास्त उपयोग होणार नाहीये, मग खर्च का जास्त दाखवायचा? 1,35,000 च्या साठ महिन्यांचे 81 लाख आणि 1,65,000 च्या साठ महिन्यांचे 99 लाख, एकूण 1 कोटी 80 लाख. भागिले 120, महिना दीड लाख. पहिल्या पाच वर्षांतल्या एका महिन्याची नोंद:

भाडे खर्च — नावे 1,50,000
घरमालक — जमा 1,21,500
टीडीएस देणे — जमा 13,500
भाडे समानीकरण देणी — जमा 15,000

टीडीएस दहा टक्के आणि तो देय भाड्यावर, म्हणजे 1,35,000 वर. दीड लाखावर कापायचा नाही, कारण वरचे 15,000 अजून कुणाचं येणं झालेलं नाही. जीएसटी 18 टक्के, म्हणजे 24,300, तोही देय भाड्यावर. तो बिलात वेगळा दाखवलेला असला की त्या भागावर टीडीएस नाही. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावरचा हा कर 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणीकृत भाडेकरूने उलट आकारणीने भरायचा असतो. तुमचा माल करपात्र असल्याने इनपुट क्रेडिट मिळेल, पण कर रोखीने भरावा लागतो.

त्याच महिन्यात दुसरी छोटी नोंद: पुढे ढकललेला नफा नावे 33,333, नफा-तोट्यात जमा. म्हणजे इमारतीच्या वापराचा निव्वळ भार वर्षाला 18 लाख वजा 4 लाख, 14 लाख.

साठाव्या महिन्याअखेर समानीकरण देण्यात बरोबर 9 लाख साठलेले असतील. एकसष्टाव्या महिन्यापासून उलट: भाडे खर्च नावे 1,50,000, समानीकरण देणी नावे 15,000, घरमालक जमा 1,48,500, टीडीएस देणे जमा 16,500. एकशेविसाव्या महिन्याला ते खातं शून्यावर यायला हवं आणि पुढे ढकललेला नफाही. मधल्या कुठल्याही मार्चला शिल्लक तपासायची तर पहिल्या साठ महिन्यांत संपलेले महिने गुणिले 15,000 करा आणि त्यानंतर उरलेले महिने गुणिले 15,000. जुळलं नाही तर बहुतेक वेळा कुणीतरी सहाव्या वर्षी बिलाप्रमाणे 1,65,000 सरळ खर्ची टाकलेले असतात. बिल पाहून नोंद टाकायची सवय असलेल्या माणसाकडून ते होतंच. म्हणून ही 120 ओळींची तक्ता-शीट भाडेपट्ट्याच्या प्रतीला जोडून ठेवा. पाच वर्षांनी तुमच्या ऑफिसात तोच हिशेबनीस असेल असं नाही.

इथे एक पाहण्यासारखं आहे. ‘दहा वर्षं’ ही खरंच बांधील मुदत आहे का? पुष्कळ भाडेपट्टे दहा वर्षांचे असतात, पण तीन वर्षांनंतर भाडेकरू तीन महिन्यांच्या नोटिशीने बाहेर पडू शकतो. तसं कलम असेल तर सरासरी दहा वर्षांची काढायची की तीनची, हे तुम्ही पुढे राहणारच हे किती खात्रीचं आहे यावर ठरतं. तीनचीच धरली तर समानीकरण लागतच नाही, कारण तीन वर्षं भाडं सारखंच आहे. पण मग 40 लाख दहा वर्षांवर पसरवणंही अवघड होतं आणि मध्येच निघून जायची मोकळीक असलेल्या भाडेकरूला खरेदीदाराने 40 लाख जादा का दिले, हा प्रश्न उभा राहतो. मुदत सगळीकडे एकच धरा.

किमतीचा कल उलटा असेल तर? तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाला दोन कोटींची इमारत 1 कोटी 60 लाखांना विकून स्वस्त भाड्याने राहायचं असेल, तर पुस्तकी 72 लाखांवरचा 88 लाखांचा नफा लगेच दाखवायचा. न मिळालेले 40 लाख कुठेच येत नाहीत. ढकलाढकल फक्त तोट्याची, आणि तीही तो तोटा पुढच्या स्वस्त भाड्यातून भरून निघणार असेल तेव्हाच. शिवाय बाजारभावच पुस्तकी किमतीच्या खाली असेल तर तेवढा तोटा लगेच घ्यायचा, त्याला सवलत नाही.

इंड एएस लागू असलेल्या कंपनीत काम करणाऱ्यांसाठी हेच आकडे इंड एएस 116 प्रमाणे कसे दिसतात तेही पाहा, कारण फरक मोठा आहे. तिथे 40 लाख सरळ कर्ज म्हणून दाखवतात. भाड्याच्या 1 कोटी 11 लाखांच्या आजच्या मूल्यातून ते वजा केले की भाडेपट्ट्याचं देणं 71 लाख उरतं. इमारतीतला जो वापराचा हक्क तुम्ही स्वतःकडे ठेवला, त्यावर नफा मानत नाहीत. म्हणून तो हक्क 72 लाख गुणिले 71 भागिले 200, म्हणजे सुमारे साडेपंचवीस लाखांना धरायचा आणि नफा 1 कोटी 28 लाखांऐवजी सुमारे साडेब्याऐंशी लाखच. पुढे भाडे खर्च ही ओळच नसते, त्याजागी घसारा आणि व्याज येतं. आणि तिथे ठरलेल्या किमतीला परत घ्यायचा हक्क ठेवला, तर सहसा विक्रीच मानत नाहीत.

आता प्राप्तिकर, आणि इथे हात थोडा आखडता घ्या. पुस्तकातलं हे पुढे ढकलणं कराला माहीत नाही. त्याच्या लेखी इमारत 2 कोटी 40 लाखांनाच विकली गेली. करासाठी एकाच दराने घसारा लागणाऱ्या इमारतींचा जो एकत्र गट, म्हणजे ब्लॉक, असतो त्यातून ही रक्कम वजा होते आणि ब्लॉक संपून वर जे उरतं ते अल्पकालीन भांडवली नफा, इमारत वीस वर्षांची असली तरी. समजा ब्लॉकमध्ये 40 लाख शिल्लक आहेत आणि दुसरी इमारत नाही, तर पुरे 2 कोटी यंदाच करपात्र. कंपनीने सवलतीचा 22 टक्क्यांचा दर घेतला असेल तर अधिभार आणि उपकर धरून तो 25.168 टक्के, म्हणजे कर सुमारे 50 लाख 34 हजार. पुस्तकात नफा 1 कोटी 28 लाख आणि कर दोन कोटींवर, असं पाहून गोंधळू नका. ढकललेल्या 40 लाखांवरचा कर आधी भरलेला असल्याने एएस 22 प्रमाणे तो स्थगित कर मत्ता म्हणून दाखवता येतो, पुढे नफा होणार याची वाजवी खात्री असेल तर. समानीकरणाच्या 15,000 चं वेगळं टिपण ठेवा. पण बँकेत आलेले पैसे मालात गुंतवण्याआधी आगाऊ कराचा हप्ता बाजूला काढा.

जमिनीचं मात्र वेगळं. जमिनीवर घसारा नसतो, त्यामुळे ती ब्लॉकमध्ये नसते आणि दोन वर्षांहून जुनी असेल तर तिचा नफा दीर्घकालीन, कंपनीला सध्या साडेबारा टक्के, महागाई निर्देशांकाशिवाय. तुमचे 72 लाख जमिनीसकट आहेत की नाहीत हे पत्रावरून कळत नाही, मी वर ते सगळे इमारतीचे धरलेत. जमीन त्यात असेल तर मूल्यांकन अहवालात आणि विक्रीखतात दोघांची किंमत वेगळी लिहून घ्या. एकच ठोक आकडा लिहिला तर पुढे फोड तुम्ही कराल तशी आणि करनिर्धारण अधिकारी करेल तशी.

खरेदीदार कंपनी असेल तर तीही तुमच्या कर-पुस्तकातला आकडा विचारेल. विकून परत भाड्याने घेतलेल्या मालमत्तेवर खरेदीदाराला मोजलेल्या किमतीवर घसारा मिळत नाही, विकणाऱ्याच्या शिल्लक कर-मूल्यावरच मिळतो. मोजले 2 कोटी 40 लाख आणि घसारा 40 लाखांवर, हे कळलं की माणूस भाव पाडून मागतो. आजच सांगून टाकलेलं बरं.

हा सल्ला वाचणाऱ्यांत मालकीचा धंदा असलेले बरेच असतील. गोव्यात तुमचं लग्न वेगळा करार न करता झालं असेल तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक असते, त्यामुळे इमारत एकाच्या नावावर दिसली तरी विक्रीखतावर दोघांची संमती आणि सह्या लागतात. पगार सोडून बाकी उत्पन्न, हा भांडवली नफाही त्यात आला, दोघांच्या विवरणपत्रांत निम्मं निम्मं जातं. टीडीएस मात्र विक्रीखतात ज्याचा पॅन दिला त्याच्याच नावावर जमा दिसतो. म्हणून खत लिहितानाच दोघांचे पॅन आणि हिस्से घाला, नाहीतर नफा अर्धा आणि टीडीएसचं श्रेय पुरं एकाकडे, हे जुळवण्यात परताव्याचं वर्ष निघून जातं.

तुमच्या कंपनीपुरतं म्हणाल तर मूल्यांकन अहवालावरची तारीख विक्रीखताच्या आधीची असू द्या आणि त्यात बाजारभाव व बाजारभाडं दोन्ही असू द्या, कारण 40 लाखांचा आकडा त्या एका कागदावर उभा आहे. भाडेपट्ट्यात पावसाळ्यात गळणाऱ्या स्लॅबचं काम कुणी करायचं आणि पालिकेची घरपट्टी कुणी भरायची तेही लिहा. आजवर दोन्ही तुम्हीच करत आलात, तेव्हा ते सवयीने तुमच्याच खर्चात पडत राहील आणि मग बाजारभाड्याशी केलेली तुलनाच चुकीची ठरेल.